नफा आहे, मग लाभांश का नाही?

महोदय,
नफा होऊनही लाभांश मिळाला नाही म्हणून चिडलेले भागधारक मला दरवर्षी भेटतात. अमेरिकी गुंतवणूकदार वॉरेन बफे यांच्या बर्कशायर हॅथवे कंपनीने त्यांच्या कारकिर्दीत एकदाच, १९६७ साली, शेअरमागे १० सेंट लाभांश दिला. बाकी नफा धंद्यातच गुंतवला. समजा, कंपनी राखून ठेवलेल्या १०० रुपयांवर वर्षाला १८ रुपये कमावते आणि आपल्याला बँकेत ७ मिळतात. मग पैसा कंपनीतच राहिलेला बरा. हातात आलेल्या लाभांशावर प्राप्तिकरही लागतोच! मात्र ताळेबंदात राखीव निधी दरवर्षी फुगतो आहे आणि नफा जागचा हलत नाही, असे दिसले, तर वार्षिक सभेत उभे राहून जाब विचारायलाच हवा.

– एक भागधारक, ठाणे