मसाल्याच्या दुकानाचा रंग

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, पेंटरने काढलेला पाटीचा नमुना फोनवर पाहिला. हिरव्या जमिनीवर लाल अक्षरं आणि सोनेरी कड. हातात धरून बघायला छानच आहे, पण तो दुकानावर लावू नका. पुण्यात रोज पाट्यांचंच काम करते, म्हणून हक्काने सांगते.

गडद हिरवा आणि लाल हे रंग वेगळे असले तरी त्यांचा उजळपणा जवळजवळ सारखाच असतो. लांबून नाव वाचता येतं ते अक्षर आणि जमीन यांच्या उजळपणातल्या फरकामुळे. तुम्हीच करून पाहा: नमुन्याचा फोटो काढा आणि फोनवर तो काळा-पांढरा करा. नाव जमिनीत बुडालं, तर रस्त्यावरही बुडणार. शिवाय दिवेलागणीला लाल रंग आधी काळवंडतो, आणि आपलं गिऱ्हाईक नेमकं तेव्हाच मंडईतून परतत असतं.

दुकान पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणजे दुपारभर पाटीवर ऊन. भडक लाल आणि पिवळे रंग उन्हात लवकर विटतात, फ्लेक्सवरचे तर फारच लवकर. विटक्या पाटीखालचा मालही लोकांना जुना वाटतो. म्हणून जमीन गेरूच्या जातीची घ्या, विटकरीपेक्षा गडद, तपकिरीकडे झुकणारी. गेरूचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा असतो आणि तो उन्हाला टिकतो. त्यावर सायीच्या रंगाची अक्षरं. शेजारी एकीकडे मोबाइलवाल्याचा पिवळा फ्लेक्स, दुसरीकडे औषधांच्या दुकानाची पांढरी-हिरवी पाटी, त्यामुळे आपला गडद पट्टा आपोआप वेगळा दिसेल. पेंट चकचकीत नको, मॅट सांगा, नाहीतर कलत्या उन्हात पाटी नुसती चमकेल आणि एक अक्षर वाचता येणार नाही.

अक्षराचा अंदाज सोपा आहे. दहा फुटांवरून सहज वाचायला साधारण एक इंच उंची लागते. समोरच्या बसथांब्यापासून दुकान साठेक फूट, म्हणजे सहा इंच. पण हे माप शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंतचं. वेलांट्या आणि उकार यांची जागा वेगळी सोडायची, नाहीतर पेंटर सगळं मिळून सहा इंचांत बसवतो आणि मूळ अक्षर चिमटून जातं. नाव आणि खाली ‘मसाले, पापड’ एवढंच पुरे. इंग्रजी नाव हवंच असेल तर ते मराठीच्या खाली आणि मराठीपेक्षा लहान ठेवा. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्याएवढ्या लहान दुकानांनाही मराठी पाटीचा नियम लागू आहे.

आता आतल्या भिंती. आई, तुला पिस्ता रंग आवडतो हे मला माहीत आहे, पण तो घरात दे, दुकानात नको. हिरव्या भिंतीवरून परतलेला उजेडही हिरवट होतो, आणि त्यात लाल तिखट मातकट दिसतं. तुझं बेडगीचं तिखट ताजं असलं तरी बघणाऱ्याला ते मागच्या वर्षीचं वाटेल. पिवळी भिंत देऊ नको आणि तिखटावर लाल दिवाही लावू नको. गिऱ्हाईक पुडी घरी नेऊन उजेडात उघडतं, रंग बदललेला दिसला की पुन्हा येत नाही. भिंती मोतिया पांढऱ्या करा. खाली तीन फूट पाटीच्याच रंगाचा ऑइलपेंटचा पट्टा द्या. पोत्यांचे घासे आणि हळदीचे हात तिथे दिसत नाहीत आणि पुसताही येतं.

सगळ्यात जास्त लक्ष मागच्या भिंतीकडे द्या. उन्हातून जाणाऱ्या माणसाला सावलीतलं दुकान काळंकुट्ट दिसतं. आत कोण आहे, काय आहे हेच कळत नसेल तर अनोळखी माणूस पायरी चढायला कचरतो. म्हणून तीच भिंत सगळ्यांत फिकी ठेवा आणि तिच्यावर उजेड पडेल अशी एक पट्टी छताजवळ लावून दिवसाही चालू ठेवा. दिवा 4000 केल्विनचा, म्हणजे ना पिवळा ना निळसर असा घ्या. खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 किंवा जास्त लिहिलेला बघा. आपल्या सध्याच्या निळसर ट्यूबमध्ये तिखट आणि माणसांचे चेहरे, दोन्ही फिके पडतात.

पेंटरला आधी दोन फुटांचा तुकडा भिंतीवर रंगवायला सांगा. तो वाळल्यावर त्याच्यासमोर तिखटाची परात धरून दुपारी बघा आणि दिवा लावून रात्रीही बघा. ओल्या रंगावर निर्णय घेऊ नका, वाळल्यावर छटा बदलते. पाटीचा रंगही पुठ्ठ्यावर लावून जागेवर टांगा आणि बाबा, तुम्ही थांब्यावर उभे राहून चष्म्याशिवाय वाचा.

पुठ्ठ्याचे दोन फोटो पाठवा, एक चार वाजताचा, एक साडेसातचा. ते बघून मी पेंटरशी फोनवर बोलते, तोवर त्याला आगाऊ पैसे देऊ नका.

तुमची लेक