सेलच्या आलेखात सपाट रेष शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी जवळ आली की वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर ‘८० टक्क्यांपर्यंत सूट’ झळकते आणि घरोघरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर किमतींचे आलेख फिरू लागतात. कीपा, बायहटके किंवा ऑनलाइन दुकानांतल्या किमतींची नोंद ठेवणाऱ्या तसल्याच एखाद्या साधनावरून कोणीतरी स्क्रीनशॉट काढतो आणि खाली लिहितो, ‘आत्ताच सगळ्यात स्वस्त आहे, घेऊन टाका.’ तासाभरात दुसरा कोणी त्याच आलेखावर बोट ठेवून म्हणतो, ‘आधी भाव चढवला, मग उतरवला, शुद्ध फसवणूक.’ हयात दुकानांच्या हिशेबाच्या वह्या लिहिण्यात गेल्यामुळे असे चित्र दिसले की मला राहवत नाही. बहुतेकदा दोघांचेही अर्धेच बरोबर असते, म्हणून हे पत्र.

एक उदाहरण घेऊ. आकडे हिशेबाला सोयीचे घेतले आहेत, पण आलेखाचा हा आकार सणासुदीला सर्रास दिसतो. ७५० वॉटचा मिक्सर. छापील किंमत ६,४९९ रुपये, ती खोडलेली. सेलची किंमत २,९९९. शेजारी लाल अक्षरांत ५४ टक्के सूट. गणित चुकीचे नाही, पण ते छापील किमतीवर केलेले आहे. एमआरपी म्हणजे त्यापेक्षा जास्त घेऊ नये अशी मर्यादा. तो मिक्सर त्या किमतीला कधी विकला गेला होता, असे ती सांगत नाही. कमी किमतीला विकायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे बाराही महिने एमआरपी खोडून ठेवता येते आणि बाराही महिने ‘पन्नास टक्के सूट’ मिरवता येते. आलेखाची गरज लागते ती इथे, कारण प्रत्यक्ष विक्रीचा भाव दिवसागणिक काय होता ते त्यात उतरलेले असते.

आता या मिक्सरचा आलेख. रेष जिन्याच्या पायऱ्यांसारखी आहे, कारण किंमत हळूहळू सरकत नाही. ती काही दिवस एका जागी थांबते आणि एकदम दुसरीकडे उडी मारते. वर्षातला बहुतेक काळ रेष ३,२९९ वर सपाट आहे. उन्हाळ्यात दोन-चार दिवस ती २,८९९ ला टेकून आली. सेलच्या आधी तीन आठवडे ती ३,९९९ वर चढली आणि सेलच्या दिवशी २,९९९ वर आली. ‘फसवणूक’ म्हणणारा या शेवटच्या चढावाकडे बोट दाखवतो, ‘स्वस्त’ म्हणणारा शेवटच्या उताराकडे. माझ्या मते दोघांनीही आधी सर्वांत लांब सपाट रेष शोधायला हवी. ग्राहकाने एरवी कुठल्याही दिवशी जाऊन वस्तू घेतली असती तर बहुधा जी किंमत मोजली असती, ती ही. इथे ती ३,२९९. तिच्यावरून मोजले तर सूट ३०० रुपयांची, म्हणजे नऊ टक्के. चढवलेल्या ३,९९९ वरून मोजली तर २५ टक्के, एमआरपीवरून ५४. वस्तू एकच, पैसे तेवढेच, आणि सूट तीन प्रकारची!

नऊ टक्के म्हणजे खोटी सूट नव्हे. मिक्सर खरोखर लागणार असेल तर तीनशे रुपये वाचतात, खुशाल घ्यावा. पण ५४ टक्क्यांच्या आकड्याला भुलून, घरचा चालू मिक्सर असताना दुसरा घेऊ नये, एवढाच त्या नऊ टक्क्यांचा अर्थ. आणि ‘आत्ताच सगळ्यात स्वस्त’ हेही खरे नाही, कारण उन्हाळ्यात तो आणखी शंभर रुपयांनी खाली होता. अर्थात दोन-चार दिवसांच्या त्या नीचांकासाठी वर्षभर थांबायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. मी थांबणार नाही.

खरी गडबड स्क्रीनशॉटमुळे होते. मूळ पानावर कालावधी बदलता येतो, रेषेवर बोट ठेवून तारीख वाचता येते. स्क्रीनशॉटमध्ये पाठवणाऱ्याने जेवढे कापले तेवढेच उरते. आपल्या मिक्सरचा फक्त शेवटच्या महिन्याचा तुकडा पाठवला तर ३,९९९ हाच नेहमीचा भाव वाटेल आणि हजार रुपयांची लूट केल्याचा आनंद होईल. तीन महिन्यांचा पाठवला तरी एक चकवा राहतोच, कारण आलेखाखाली बहुतेक ठिकाणी ‘सरासरी किंमत’ दिलेली असते. नव्वद दिवसांपैकी ६५ दिवस ३,२९९, मग २१ दिवस ३,९९९ आणि सेलचे चार दिवस २,९९९, अशी सरासरी काढली तर ती ३,४४९ येते. म्हणजे सेलची किंमत ‘सरासरीपेक्षा १३ टक्के कमी’. फुगवलेल्या तीन आठवड्यांनी सरासरीही फुगवली. म्हणून सरासरीपेक्षा सपाट रेष जास्त विश्वासाची, आणि ती दिसायला निदान एक वर्षाचा आलेख हवा. त्यात मागची दिवाळीही येते. मागच्या सेललाही हाच भाव असेल तर ‘यंदाची खास’ ऑफर किती खास, ते कळते.

दुसरी गोष्ट उभ्या अक्षाची. हे आलेख पुष्कळदा शून्यापासून सुरू होत नाहीत. आपल्या चित्रात अक्ष २,८०० पासून ४,००० पर्यंत असेल, तर ३,९९९ वरून २,९९९ वर येणारी रेष जवळजवळ छतावरून जमिनीवर कोसळलेली दिसते. प्रत्यक्षात घट चौथाईची. डोळ्यांना जे दिसते त्यावर न जाता डावीकडचे आकडे वाचावेत. ते आकडेच कापून टाकलेला स्क्रीनशॉट आला तर त्यावरून काहीही ठरवू नये.

आता त्या चढावाबद्दल. तो दिसला की विक्रेत्याने लबाडीच केली, असे मी म्हणणार नाही. एकाच वस्तूच्या पानावर अनेक विक्रेते असतात. ज्याच्याकडे स्वस्त होती त्याचा माल संपला की पानावर दुसऱ्याची महाग किंमत येते आणि आलेखात उंचवटा उमटतो. असे उंचवटे वर्षभर कधीही दिसतात, दोन-तीन दिवस टिकतात आणि त्यांची उंचीही दर वेळी वेगळी असते. याउलट चढाव सेलच्या तोंडावर सुरू होत असेल, ३,९९९ सारख्या नीटनेटक्या आकड्यावर आठवडेच्या आठवडे सपाट राहत असेल आणि नेमका सेलच्या पहाटे संपत असेल, तर संशय घ्यायला जागा आहे. मागच्या दिवाळीआधीही तसाच चढाव असेल तर संशय आणखी बळावतो. तरी केवळ चित्रावरून हेतू सिद्ध होत नाही. सुदैवाने खरेदी करणाऱ्याला हेतूशी कर्तव्य नसते, सपाट रेषेवरून मोजले की त्याचे काम होते.

आलेखात न येणाऱ्या गोष्टीही असतात. बँकेच्या कार्डावरची दहा टक्के, टिक करायचे कूपन, जुन्या वस्तूच्या बदल्यातली वजावट, घरपोच देण्याचे पैसे, हे सहसा त्या रेषेत धरलेले नसते. काही तासांची ऑफर तर नोंदीतून निसटूही शकते. त्यामुळे कार्डाची सूट धरून आलेली आजची किंमत आलेखातल्या जुन्या नीचांकाशी ताडून ‘इतिहासातली सर्वांत कमी’ म्हणणे हा कच्चा हिशेब. तेव्हाही कार्डाची ऑफर असू शकते, आलेखाला ती माहीत नाही. पानावरची किंमत पानावरच्या किमतीशीच जुळवावी आणि कार्डाची सूट वेगळी मोजावी.

टीव्ही आणि एसीच्या आलेखात आणखी एक पायरी आढळेल. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेलाच, एसी आणि ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. करापूर्वी २०,००० रुपयांचा टीव्ही आधी २५,६०० ला पडत होता, तो विक्रेत्याने खिशातला एक पैसाही न सोडता २३,६०० ला मिळू लागला. जवळजवळ आठ टक्क्यांची ही घट करातली, सणाची नव्हे. त्या तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या किमती ताडताना जुनी किंमत तेवढी उतरवून घ्यावी. मिक्सरला आधीपासूनच १८ टक्के कर असल्याने त्याच्या रेषेत ही पायरी नाही.

आणि काही वेळा आलेखाचा उपयोगच होत नाही. सेलच्या आधी महिनाभर नवे पान उघडून, नावात एखादे अक्षर बदललेले मॉडेल आणले जाते. त्याचा आलेख तीन-चार आठवड्यांचाच असतो आणि सपाट रेष तयार व्हायला वेळच मिळालेला नसतो. अशा वेळी त्याच कंपनीच्या तेवढ्याच वॉटच्या, तेवढ्याच भांड्यांच्या जुन्या मॉडेलचा वर्षभराचा आलेख काढून पाहावा.

हे सगळे ग्राहकानेच का करायचे, असाही प्रश्न आहे. युरोपीय संघात मे २०२२ पासून नियम लागू झाला की भाव उतरवल्याची जाहिरात करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत ‘पूर्वीची किंमत’ म्हणून दाखवायची. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने आल्डी स्यूड या साखळी दुकानांच्या खटल्यात सांगितले की सुटीचा टक्काही त्याच किमतीवरून काढला पाहिजे, ती नुसती बारीक अक्षरांत छापून भागणार नाही. आपल्या मिक्सरला तो नियम लावला तर तीन आठवड्यांचा चढाव वाया जातो, कारण त्याआधीचे नऊ दिवस ३,२९९ चे होते. जाहिरातीत ५४ च्या जागी नऊच टक्के छापावे लागतील. भाव ३० दिवसांहून जास्त काळ चढवून ठेवला तर तो नियमही चुकवता येतो, हे खरे. पण महिनाभर महाग विकायचे तर तेवढा काळ गिऱ्हाईक गमावण्याची तयारी लागते.

आपल्याकडे २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाला भुलवणाऱ्या क्लृप्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई लावण्यासारख्या १३ प्रकारांना मनाई आहे. पूर्वीची किंमत कशी ठरवायची, याचे असे मोजमाप त्यांत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ते आणावे, असे आपल्या दैनिकाने लावून धरावे ही विनंती. तोवर आपल्या सणाच्या पुरवणीत ‘या आठवड्यातल्या उत्तम ऑफर’ छापताना प्रत्येक वस्तूपुढे सुटीच्या टक्क्याऐवजी तिचा वर्षभरातला नेहमीचा भाव आणि आजचा भाव, एवढे दोनच आकडे द्यावेत.

आपला,
एक नियमित वाचक, मिरज