तिचा आवाज

पंचवटी, नाशिक

प्रिय सुधाकर,

फोनवर बोलायला गेलो असतो तर गळा दाटून आला असता, म्हणून लिहितोय. तुझ्या वहिनीचा आवाज सापडला. मी फोन उचलला नाही म्हणून तिनं व्हॉट्सॲपवर बोलून ठेवलेला निरोप, सव्वीस सेकंदांचा. "अहो, मी गंगेवर बुधवारच्या बाजारात आहे. कैऱ्या चांगल्या आल्यात, घेतेय. येताना गूळ आणा, काळा असला तरी चालेल, केमिकलचा नको. ऐकलंत का?" मागे भाजीवाला ओरडतोय, "दहाला जुडी!" नाकात बोलतेय, सर्दी झालेली असणार.

ऐकून झालं आणि भीतीच वाटायला लागली. तिचं सिम रिचार्जविना बंद पडलं होतं, कंपनीनं नंबर दुसऱ्याला दिला. तिच्या नावापुढे एका अनोळखी पोराचा फोटो आला, तेव्हा वाटलं, आता हेही जाणार. शिवाय कॅसेट झिजायची तसं हेही वाजवून वाजवून झिजेल, म्हणून पुन्हा लावायचा धीर होईना. त्यात माझ्या फोनची बॅटरी फुगलेली, मागचं झाकण वर आलेलं.

शेवटी एम. जी. रोडवरच्या एका दुकानात गेलो. मुलगा समजूतदार होता. म्हणाला, "काका, नंबर कुणाकडेही जाऊ दे, आलेला मेसेज तुमच्याच फोनमध्ये असतो. वाजवून झिजतही नाही. फोन मेला किंवा ॲप काढलं, तर मात्र जाऊ शकतो. आणि फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका, आधी बदलू." बॅटरी बदलून त्यानं फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडला. व्हॉट्सॲपच्या फोल्डरमध्ये `WhatsApp Voice Notes`, त्यात आठवड्या-आठवड्याचे कप्पे. `201911` मध्ये ती फाइल निघाली: `PTT-20190313-WA0004.opus`. म्हणजे १३ मार्च २०१९. कॅलेंडर काढून पाहिलं, बुधवारच होता.

त्यानं एमपीथ्री करून दिली, पण मूळ फाइलही तशीच ठेवायला सांगितली, कारण रूपांतर करताना आवाजातलं थोडं जातंच. कॉपी झाल्यावर फोन बाजूला ठेवून कॉम्प्युटरवरची प्रत शेवटपर्यंत वाजवून पाहिली. हे फार बरं केलं, नुसतं नाव दिसलं म्हणजे आत आवाज आहेच असं नाही. भर दुकानात "ऐकलंत का?" आलं आणि मी "हो" म्हणालो. तो मुलगा काही बोलला नाही, पाण्याचा ग्लास पुढे केला.

आता एक प्रत घरच्या कॉम्प्युटरवर आहे, एक पेनड्राइव्हवर. पण पेनड्राइव्ह वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिला तर त्याच्या भरवशावर राहू नये म्हणतात, आणि या दोन्ही प्रती एकाच घरात. म्हणून तिसरी तुला मेलनं पाठवतोय. तुझ्या घरी ती कितीदा जेवायला वाढायची, तुझ्याकडे तिचा आवाज असावा असं मला मनापासून वाटतं. मिळाली की शेवटपर्यंत वाजते का ते बघून कळव. आणि फाइलचं नाव तेवढं बदलू नकोस, तारीख त्यातच आहे.

तुझा,
वसंता