औंध म्हणजे कोणतं औंध?

मा. संपादक,
स. न.

परवाच्या अंकात आपल्या अर्थविषयक सदरात ‘आयएफएससी टाका, शाखेचं नाव येईल, निश्चिंत व्हा’ असा सल्ला वाचला. वाचून आमच्या घरात हसू आलं, कारण नाव आल्यावर निश्चिंत होण्याची किंमत आम्ही मागच्या महिन्यात डिझेलमध्ये मोजली आहे.

माझी आत्या वारली. खात्याला वारसदार म्हणून माझं नाव. दाव्याचे कागद मूळ शाखेतच द्या, असं बँकेने फोनवर सांगितलं. पासबुकावर शाखेचा शिक्का होता, पण इतका पुसट की त्यापेक्षा मतदानाची शाई बरी. (शिक्क्याला शाई घालायला आणि पासबुक छापायचं यंत्र महिन्यातून एकदा तरी चालू ठेवायला नक्की कोणाची मंजुरी लागते, हे आपल्या वार्ताहराने एकदा विचारून यावं.) सुदैवाने आयएफएससी, म्हणजे शाखेचा अकरा अक्षरी कोड, वाचता येत होता. पुतण्याने तो मोबाइलवर टाकला आणि ओरडला, “काका, औंध!” आत्या शेवटची काही वर्षं मुलाकडे पुण्यात होती, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. सकाळी सहाला निघालो, खंबाटकी, टोल, गर्दी, सगळं यथासांग.

पुण्यातल्या औंधच्या शाखेत खिडकीवरच्या मुलीने कोड वाचला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाली, “आजोबा, ही आमची शाखा नाही. हे तुमच्या साताऱ्याकडचं औंध.”

यमाईचं औंध! रहिमतपूरमार्गे सव्वातासात गेलो असतो. आत्याचे यजमान तिथे शाळेत होते आणि खातं तेव्हाचं होतं, हे मला परतताना गाडीत आठवलं.

आता मुद्दा असा, की मोबाइल खोटं बोलला नव्हता. घरी येऊन तेच पान पुन्हा उघडलं, तर शाखेच्या नावाखाली पत्ता होता, त्यात तालुका खटाव, जिल्हा सातारा असं स्पष्ट होतं. पिनकोड 415 ने सुरू होत होता. त्याखाली नऊ आकडी एमआयसीआर क्रमांक होता, चेकच्या तळाशी असतो तो. त्याचे पहिले तीन आकडे गावाचे असतात आणि ते पिनकोडच्या पहिल्या तिनाशी जुळतात. तिथेही 415. पुण्याचं औंध असतं तर 411 दिसलं असतं. आम्ही पहिली ओळ वाचली आणि किल्ली फिरवली. कोरेगाववाल्यांनीही हे लक्षात ठेवावं. कोरेगाव पार्क आणि कोरेगाव भीमा त्यांच्या वाट्याला आहेतच.

आपल्या सदरात नमुना म्हणून जो कोड छापला होता, त्यात पाचव्या जागी इंग्रजी O हे अक्षर होतं. तिथे नेहमी शून्यच असतं. पहिली चार अक्षरं बँकेची, मग 0, मग शेवटची सहा शाखेची. O टाकला की ‘अशी शाखा नाही’ असं उत्तर येतं आणि माणूस बँकेच्या नावाने बोटं मोडतो. मुद्रितशोधकांची जागा रिकामी असल्यास मी निवृत्त लेखनिक आहे, रिकामा आहे.

आमच्याकडच्या छोट्या सहकारी बँकांचा तर सदरात उल्लेखच नाही. त्यांतल्या काही दुसऱ्या मोठ्या बँकेच्या आधाराने व्यवहार करतात आणि कोडही तिचाच वापरतात. मग आपण पैसे पाठवायचे गल्लीतल्या बँकेत आणि पडद्यावर पत्ता दिसतो मुंबईचा. शेजारच्या बाई हे पाहून घाबरून भाचीची फी थांबवून बसल्या होत्या. अशा वेळी त्या सहकारी बँकेत फोन करून ‘तुमचा कोड हाच का’ एवढं विचारावं. तो फोन नंबर मात्र पासबुकावरचा घ्यावा, पैसे मागणाऱ्याने दिलेला नव्हे.

आणि कोड बरोबर निघाला म्हणजे खातं बरोबर, असंही नाही. कोड फक्त शाखा सांगतो. एनइएफटीत पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर. फॉर्मवर नाव कितीही सुवाच्य लिहा, जमा करताना ते जुळवलं जातंच असं नाही. एप्रिल 2025 पासून पाठवण्याआधी खातेदाराचं नाव पाहण्याची सोय द्यायला रिझर्व्ह बँकेने सांगितलं आहे. ते नाव आधी पाहावं, मग बटण दाबावं. आपल्या तज्ज्ञांनी यावर एक ओळ तरी लिहायला हरकत नव्हती, जाहिरातीला अर्धं पान होतंच.

दाव्याचे कागद अखेर गेल्या मंगळवारी औंधला दिले. साहेब म्हणाले, फोटो एक कमी आहे.

आपला,
एक जुना वाचक, सदर बझार, सातारा