‘पैसे घेतलेत’ हे कधी आणि कोणत्या आवाजात सांगायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लघुव्हिडिओंमधल्या छुप्या जाहिरातींवर आपल्या सदरात अधूनमधून पत्रं येतात. त्यांत बहुधा एकच मागणी असते, की जाहिरात असेल तर तसं लिहा. पण लिहूनही प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटतं, असे व्हिडिओ कितीतरी आहेत. व्हिडिओ संकलनाचं काम करताना यातला दोष बहुतेक वेळा वाक्यात आणि ते म्हणण्याच्या पद्धतीत दिसतो. त्याबद्दल थोडं.

जाहिरात मानक परिषदेच्या (एएससीआय) 2021च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत खुलाशाची पट्टी किमान 3 सेकंद दिसायला हवी. त्याहून मोठ्या पण दोन मिनिटांच्या आतल्या व्हिडिओत ती एक तृतीयांश वेळ राहायला हवी. म्हणजे 45 सेकंदांच्या व्हिडिओला 15 सेकंद. हे पाळणं सोपं आहे, आणि पाळूनही व्हिडिओ खोटा वाटू शकतो. कसा, ते एका उदाहरणावरून बघू.

हेडफोनचा 45 सेकंदांचा व्हिडिओ आहे असं धरा. नेहमीची संहिता अशी असते: ‘मित्रांनो, मला एक भन्नाट हेडफोन सापडलाय! मी तर याच्या प्रेमातच पडलोय.’ मग चाळीसेक सेकंद गुणगान. शेवटी घाईघाईत ‘कंपनीचे मनापासून आभार’, आणि खाली वर्णनात टॅगांच्या गर्दीत ‘कोलॅब’. यातलं ‘सापडलाय’ हे क्रियापद बघा. हेडफोन सापडलेला नाही, कंपनीने घरी पाठवलाय. वर ‘जाहिरात’ अशी पट्टी आणि तोंडी ‘सापडलाय’ असं एकत्र आलं, की प्रेक्षकाला दोन वेगळ्या गोष्टी ऐकू येतात आणि तो वाईट तीच खरी धरतो. आभार मानण्यातही तीच गफलत आहे. आभार भेटीचे असतात, इथे व्यवहार झालेला आहे. आणि ‘कोलॅब’मधून पैसे मिळाले की नुसती वस्तू मिळाली, हे कळतच नाही.

तीच संहिता सरळ लिहिली तर अशी होते: ‘रस्त्याच्या गोंगाटात यावर फोनवर बोलता येतं का, बघू. कंपनीने हा पाठवलाय आणि या व्हिडिओचे मला पैसेही दिलेत.’ दुसरं वाक्य नऊ शब्दांचं आहे, सावकाश म्हटलं तरी चार सेकंदांत होतं. ते कुतूहलाच्या ओळीनंतर पण पहिल्या दाव्याच्या आधी येतं, ही जागा महत्त्वाची. पहिल्या दोन-तीन सेकंदांत प्रेक्षक पुढे सरकेल ही निर्मात्यांची भीती खरी आहे, म्हणून कुतूहल आधी येऊ द्यावं. पण ‘आवाज जबरदस्त आहे’ हे खुलाशाच्या आधी आलं, की तेवढा दावा प्रेक्षकाने मित्राचं मत म्हणून ऐकलेला असतो, आणि नंतरचं वाक्य त्याला मागे जाऊन दुरुस्त करत नाही.

आता सूर. खुलाशाचं वाक्य आलं की अनेकांचा वेग वाढतो, नजर कॅमेऱ्यावरून हलते, त्याच क्षणी संगीत चढतं. संकलनात तर हे नकळत घडतं. वाक्यांमधल्या शांत जागा कापणारी सोय सगळीकडे लावली, की ‘पैसेही दिलेत’ला पुढचं वाक्य लगेच चिकटतं. तिथे अर्धा सेकंद हाताने परत सोडावा, संगीत आधीच्या ओळीइतकंच किंवा खाली ठेवावं आणि त्या वाक्यावर कट मारू नये. दुसऱ्या टोकाची चूक म्हणजे विनोद: ‘काय करणार, पोट आहे ना मित्रांनो!’ याने पैसे घेणं लाजिरवाणं ठरतं आणि पुढच्या प्रत्येक स्तुतीवर तीच लाज सांडते. वेळ सांगताना जसा आवाज असतो, तसा इथे हवा.

सर्वांत घातक वाक्य मात्र ‘हे माझं शंभर टक्के प्रामाणिक मत आहे’ हे आहे. कंपनीने संहिता मागवली, ‘वाऱ्यात माइक फडफडतो’ ही ओळ काढायला लावली आणि निर्मात्याने काढली, तर हे वाक्य बोलण्याचा हक्क संपला. त्याऐवजी ‘काय बोलायचं ते कंपनीने बघून मंजूर केलंय’ असं म्हणता येतं. ऐकायला कोरडं आहे, पण खरं आहे. ओळ राहू दिली असेल तर प्रामाणिकपणाची ग्वाही देण्याची गरजच नाही, कारण तो फडफडाट ऐकवला की काम झालं. दोष निवडतानाही एक सांभाळावं. ‘रंग थोडे कमी आहेत’ असले निरुपद्रवी दोष प्रेक्षक लगेच ओळखतो. ज्या कामासाठी वस्तू दाखवताय त्याच कामातली उणीव सांगावी. विक्रीमागे कमिशन असेल तर तो वेगळा व्यवहार आहे, म्हणून लिंकचा उल्लेख येईल तिथेच ‘या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं’ हेही यावं.

बोललेलं वाक्य पुरेसं नाही, कारण पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात. नुसती पट्टीही पुरत नाही, कारण काही जण फोन बाजूला ठेवून फक्त ऐकतात. म्हणून दोन्ही हवं, आणि व्हिडिओच्याच भाषेत हवं. मराठी व्हिडिओवर कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं चिकटवून भागत नाही. पट्टीवर ‘सशुल्क जाहिरात’ एवढे दोन शब्द पुरतात, तपशील तोंडी येतोच. उभ्या चौकटीत खालचा भाग वर्णनाने आणि उजवी कड बटणांनी झाकली जाते, त्यामुळे संगणकावर नीट दिसणारी पट्टी फोनवर गायब होते. ती वरच्या डाव्या बाजूला, अगदी कडेला न टेकवता, गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत ठेवावी आणि प्रसिद्ध करण्याआधी फोनचा उजेड कमी करून एकदा तपासावी. अॅपची स्वतःची ‘पेड पार्टनरशिप’ची खूण लावावीच, पण तिच्यावर विसंबू नये. व्हिडिओ उतरवून कुणी पुढे पाठवला की ती खूण मागे राहते, चित्रात पक्की केलेली पट्टी मात्र सोबत जाते.

शेवटचा मुद्दा करारातला आहे आणि तो सहसा सुटतो. अनेक कंपन्या मूळ व्हिडिओ घेऊन त्याचा 15 सेकंदांचा तुकडा स्वतःच्या जाहिरातीत वापरतात. तुकडा स्तुतीच्या भागातून कापला जातो, खुलाशाचं वाक्य पाचव्या सेकंदाला असल्याने बाहेर पडतं, आणि निर्मात्याचा चेहरा मात्र राहतो. एक तृतीयांशाच्या हिशेबाने लावलेली पट्टीही तोवर संपलेली असते. यावर उपाय दोन आहेत. पट्टी पूर्ण 45 सेकंद ठेवावी, आणि करारात लिहून घ्यावं की खुलासा वगळून कोणताही तुकडा वापरता येणार नाही व प्रत्येक तुकडा प्रसिद्धीपूर्वी निर्मात्याला दाखवला जाईल. ‘खुलासा शेवटी घ्या’ असा आग्रह कंपनीने धरला, तर त्याचं उत्तरही याच कलमातून देता येतं, चर्चेत वेळ जात नाही.

आपला,
एक व्हिडिओ संकलक