आधी चाल, मग शब्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एकांनी लिहिलं होतं की, चालीवर बेतलेलं सिनेमाचं गाणं ही कविता नव्हे, ते रिकाम्या जागा भरण्याचं काम आहे. मी दोन छोट्या मराठी चित्रपटांसाठी गाणी लिहिली आहेत. त्या जागा भरायला बसलं की काय होतं, ते या वाचकांना सांगावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

आधी एक थोर उदाहरण घेते. भालजी पेंढारकरांच्या 'साधी माणसं' (1965) मधलं 'ऐरणीच्या देवा तुला' आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शब्द जगदीश खेबूडकरांचे आणि संगीत 'आनंदघन' या नावाने लता मंगेशकरांचं. पहिली ओळ बोटांवर मोजून पाहा. 'ऐरणीच्या देवा तुला' ही आठ अक्षरं. 'ठिणगी ठिणगी वाहू दे' म्हणताना 'ठिण-गी' अशी दोनच अक्षरं होतात, म्हणून ती सात. पुढे 'आभाळागत माया तुझी' मधलं 'गत' एकच अक्षर होतं, म्हणून पुन्हा आठ, आणि 'आम्हांवरी राहू दे' पुन्हा सात. मोजमाप इतकं घट्ट आहे. पण या मापात कवीने बसवलंय काय, तर लोहाराची पूजा. देवाला आपण फुलं वाहतो. लोहाराकडे फुलं कुठली? त्याच्याकडे ठिणगी आहे, तीच तो वाहतो. 'वाहू' हा शब्द देव्हाऱ्यातून उचलून भट्टीपुढे आणला आणि सगळा प्रसंग त्या एका शब्दात उभा राहिला.

याच गाण्यात पुढे 'लक्षुमीच्या हातातली' असं येतं. 'लक्ष्मीच्या' लिहिलं असतं तर एक अक्षर कमी पडलं असतं. 'लक्षुमी' म्हटलं की आठ भरतात. शिवाय गाणारी बाई लोहाराच्या घरची आहे, ती 'लक्षुमी'च म्हणणार. चालीची गरज आणि पात्राची बोली एकाच अक्षरात भागली. त्या लक्षुमीच्या हातात चवरी आहे आणि ती वर-खाली होते, अगदी भात्याच्या दांड्यासारखी. पुढे भाता येतोही, सूर धरायला. याला जागा भरणं म्हणायला माझी जीभ उचलत नाही.

आता माझा अनुभव सांगते, कारण चूक कशी होते ते स्वतःच्या चुकीवरूनच नीट दाखवता येतं.

दिग्दर्शकांनी प्रसंग सांगितला तो असा: मुलगा पहिल्या नोकरीसाठी पुण्याला निघालाय, आई त्याला एसटी स्टँडवर सोडायला आली आहे, आणि तिला त्याच्यासमोर रडायचं नाही. संगीतकारांची चाल तयार होती. त्यांनी पेटीवर मुखडा वाजवून, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवला. शब्दांच्या जागी तोंडाला येईल ते गायलं होतं. याला आमच्याकडे डमी म्हणतात. डमीला अर्थ नसतो, पण कुठे श्वास घ्यायचा, कुठला सूर लांबवायचा, सम म्हणजे तालाची पहिली मात्रा कुठे येते, हे सगळं त्यात असतं. मी ते दोन दिवस भांडी घासताना, भाजी निवडताना ऐकलं. मुखड्याच्या दुसऱ्या ओळीत चार अक्षरं भरभर येत होती, मग पाचवं वरच्या षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, चांगलं चार मात्रा थांबत होतं, आणि एका छोट्या विरामानंतर सहावं खाली उतरून समेवर बसत होतं.

मी लिहिलं, 'नको करू काळजी'. कागदावर निर्दोष. आईच्या तोंडी शोभणारं. सिटिंगला, म्हणजे गाणं बसवायच्या बैठकीला, गायिकेने ते चालीवर म्हटलं आणि खोलीत एकदम शांतता पसरली. 'नको करू काऽऽऽळ' आणि विरामानंतर 'जी'. मुलगा घराबाहेर पडताना आईच्या तोंडून, सगळ्यात उंच सुरावर, चार मात्रा लांबवलेला 'काळ'! शिवाय 'जी' सुटा पडल्यामुळे लावणीत मागून 'जी जी' ओढणाऱ्या झीलकऱ्यांची आठवण व्हावी. कवितेत शब्द डोळा जोडून घेतो. गाण्यात विराम पडला की कान तो तिथेच तोडतो आणि तुटलेल्या तुकड्याचा अर्थ लावतो.

दुसरी अडचण गायिकेने दाखवली. तो सूर 'ळ्'वर मिटत होता. मराठीत अशा शब्दांचा सुकाळ आहे: रात, पान, वाट, काळ. बोलताना शेवटचा 'अ' आपण गिळतो, त्यामुळे तोंड व्यंजनावर बंद होतं आणि सूर धरायला जागाच राहत नाही. लांब सुराखाली उघडा स्वर लागतो, त्यातही वरच्या पट्टीत 'आ' सगळ्यात सोपा. आपल्या गाण्यांत 'रात'ची 'राती' होते, ओळीच्या टोकाला 'गं', 'रं', 'राया', 'बाई' येतात, त्यामागे बोलीइतकाच गळ्याचाही हात आहे.

मी 'चिंता नको…' पासून 'सुखी रहा…' पर्यंत अर्धी वही भरली. मापात बसायचं, पण सगळं शुभेच्छापत्रासारखं वाटायचं. शेवटी मी शब्द शोधणं सोडलं आणि स्टँडवर उभी असलेली आई डोळ्यांसमोर आणली. ती काय बोलेल? काळजी करू नको असं ती म्हणणारच नाही, कारण काळजी तीच करते आहे. ती म्हणेल,

खिडकीपाशी बस बाळा,
डबा दिला आहे

'डबा दिला' ही चार भरभर, मग 'आ' लांब, आणि 'हे' समेवर. 'आहे' तुटलं तरी त्यातून भलता अर्थ निघत नाही, आणि वरच्या षड्जावर गायिकेला हवा तसा मोकळा 'आ' मिळाला. दिग्दर्शक खूश झाले ते वेगळ्याच कारणाने. आई गाताना काय करणार, हा त्यांचा प्रश्न होता. आता तिच्या हातात डबा आला, तो खिडकीतून आत देता येणार होता. चालीने अडवलं नसतं, तर मी 'नको करू काळजी'वरच समाधान मानलं असतं, हे मी मनापासून सांगते.

पुढची चूक मात्र सर्वस्वी माझी. गाणं आधी रेकॉर्ड होतं आणि चित्रीकरणाच्या वेळी ते वाजवून नट ओठ हलवतो, म्हणजे गाण्यात जे आलं ते पडद्यावर दाखवणं भाग असतं. मी दुसऱ्या अंतऱ्यात पाऊस आणला होता, स्टँडच्या पत्र्यावर वाजणारा. ऋतू कुठला, हे मी विचारलंच नव्हतं. चित्रीकरण एप्रिलच्या रणरणत्या उन्हात झालं. तो अंतरा कापला गेला, आणि चित्रपटात त्या गाण्याला एकच अंतरा आहे.

उलट वाटेनेही गाणी होतात, हे मान्य. 'इजाजत' (1987) मधलं 'मेरा कुछ सामान' हे गुलजारांचं गाणं यमक आणि बांधीव मीटर सोडून लिहिलेलं आहे, आणि राहुल देव बर्मन यांनी त्याला चाल लावली. तिथे अडचण संगीतकारासमोर होती आणि वाट त्यांनी काढली. पण त्यामुळे पहिली वाट हलकी ठरत नाही. पत्रलेखकांना माझी विनंती आहे की, त्यांनी आवडीचं एखादं गाणं घ्यावं, लांबवलेल्या सुराखाली कुठलं अक्षर आलंय ते बघावं, आणि तिथे आपला एखादा शब्द बसवून मोठ्याने म्हणून पाहावा.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर