तक्रार पत्र : गॅलरी ॲपमधील बॅकग्राउंड काढण्याचा हाताचा ब्रश

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बॅकग्राउंड काढल्यावर राहिलेले भाग ब्रशने दुरुस्त करताना येणाऱ्या अडचणींबाबत

महोदय,

मी आपल्या कंपनीचा फोन वापरतो आणि त्यातील गॅलरी ॲपमध्ये फोटोमागचे बॅकग्राउंड काढण्याची जी सोय आहे, तिच्यातील हाताने फिरवायच्या ब्रशबद्दल ही तक्रार करीत आहे. ॲपने आपोआप केलेल्या निवडीत थोडे कमी-जास्त होणारच, हे मला मान्य आहे. ते सुधारण्यासाठी दिलेला ब्रशच जर नवे बिघाड करीत असेल, तर मात्र ग्राहकाच्या हाती काही उपाय उरत नाही.

माझ्या वडिलांचा एक उभा फोटो मला गडद निळ्या बॅकग्राउंडवर लावायचा होता. त्यांनी पांढरा सदरा घातला आहे, एक हात कमरेवर ठेवला आहे, डोक्यामागे पांढरी भिंत आहे आणि कमरेच्या उंचीला झुडपे आहेत. ॲपने भिंत काढताना तिच्याच रंगाचा समजून डाव्या खांद्याचा थोडा भागही उडवला, आणि कोपर व कंबर यांच्यामधल्या त्रिकोणी फटीतून दिसणारी झुडपे मात्र तशीच ठेवली. कपडा आणि भिंत एका रंगाची असली की कडा ओळखणे अवघड जाते, आणि चहूबाजूंनी शरीराने वेढलेली फट शरीराचाच भाग धरली जाते. या दोन्ही जागा नेहमीच्या चुकीच्या आहेत आणि त्यांच्यासाठीच ‘पुसा’ व ‘परत आणा’ हे दोन ब्रश असतात.

फटीतली झुडपे पुसायला घेतली तेव्हा मोठी अडचण आली. फटीचा वरचा कोपरा, जिथे दंड आणि बरगडी जवळजवळ टेकतात, फार निमुळता आहे. अशा ठिकाणी फोटो मोठा करून काम करायचे असते, कारण ब्रशचे टोक स्क्रीनवर तेवढेच राहिले तर फोटो 4 पट मोठा केल्यावर ते फोटोतील एक चतुर्थांश रुंदीच पुसते आणि हात बारीक चालतो. आपल्या ॲपमध्ये मात्र फोटोबरोबर ब्रशचे टोकही तितकेच मोठे होते. ब्रश सर्वांत लहान ठेवूनही कोपऱ्यातली पाने पुसली की बाहीची कड त्यांच्यासोबत जाते; ती ‘परत आणा’ने आणावी तर पानेही परत येतात. फोटो मोठा करण्याचा काही उपयोगच राहत नाही. शिवाय ज्या जागी काम चालले आहे ती बोटाखाली झाकली जाते आणि बाजूला तिची मोठी प्रतिमा दाखवणारी खिडकीही आपण दिलेली नाही.

दुसरी बाब दोन बोटांनी फोटो मोठा करण्याची. दोन्ही बोटे अगदी एकाच क्षणी टेकत नाहीत, म्हणून आधी टेकलेल्या बोटाचा स्पर्श ॲप ब्रशचा फटकारा समजते. वडिलांच्या गालावर असेच एक छिद्र पडले आणि ते मला बऱ्याच उशिरा दिसले. मागे जाण्याचे बटण एकेक फटकारा काढत नाही, ब्रश उघडल्यापासूनचे सगळे काम एकदम रद्द करते. त्यामुळे त्या एका छिद्रापायी खांद्याची नीट जमलेली कड पुन्हा आखावी लागली.

ते छिद्र उशिरा का दिसले, याचे कारण तिसऱ्या दोषात आहे. काढलेल्या भागाच्या जागी ॲप पांढऱ्या आणि फिकट करड्या चौकड्या दाखवते. गालावरचे छोटे छिद्र आणि कानामागे केसांत राहिलेले भिंतीचे अर्धपारदर्शक तुकडे या फिकट चौकड्यांवर उठून दिसत नाहीत. फोटो निळ्या बॅकग्राउंडवर ठेवला तेव्हा केसांभोवती राखाडी धूसर कड आणि गालावर निळा ठिपका दिसला, पण तोवर ब्रशची खिडकी बंद झालेली होती आणि पुन्हा उघडल्यावर ॲपने आपली पहिली निवड नव्याने करून माझ्या सगळ्या दुरुस्त्या टाकून दिल्या.

तरी आपण पुढील अपडेटमध्ये फोटो मोठा केला तरी ब्रशचे टोक स्क्रीनवर तेवढेच ठेवावे, दुसरे बोट टेकताच पहिल्या बोटाचा फटकारा आपोआप रद्द करावा, मागे जाण्याचे बटण एका वेळी एकच फटकारा काढेल असे करावे आणि दुरुस्ती चालू असतानाच चौकड्यांऐवजी गडद किंवा भडक रंग पाहण्याची सोय द्यावी, अशी माझी विनंती आहे. केलेली निवड फोटोसोबत जतन राहावी, हेही तितकेच आवश्यक आहे. मूळ फोटो आणि बिघडलेल्या भागांचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत. या दुरुस्त्या कोणत्या अपडेटमध्ये होतील, ते मला लेखी कळवावे.

आपला,
एक ग्राहक